सासरच्या मंडळींना पत्र: राहते घर, मुलांची शाळा आणि पुढचे येणे-जाणे

पतीच्या निधनानंतर सासरी लिहिलेली जी पत्रे समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर येतात, ती बहुधा दोन टोकांची असतात. एका प्रकारात तीन पाने दुःखाची असतात आणि शेवटी ‘आता आपणच काय ते बघावे’ एवढेच वाक्य असते. त्यात नेमके काही मागितलेलेच नसल्यामुळे उत्तरही येत नाही. दुसऱ्या प्रकारात पहिल्याच ओळीत ‘माझ्या कायदेशीर हक्कानुसार’ असे असते आणि त्याचे उत्तर सासऱ्यांऐवजी त्यांचा वकील देतो. या दोहोंच्या मधले, नाते न तोडता नेमके बोलणारे पत्र कसे लिहावे, त्याचा क्रम येथे दिला आहे.

क्रम समजावा म्हणून एक कुटुंब धरून चालू. गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले. सासरे (घरात त्यांना सगळे आबा म्हणतात) आणि सासूबाई गावीच आहेत, मोठे दीर पनवेलला नोकरीला आहेत. पती वर्षभरापूर्वी गेले. मोठी मुलगी नववीत, धाकटा मुलगा पाचवीत. घर आबांनी स्वतः जागा घेऊन बांधलेले आणि त्यांच्याच नावावर. मात्र मागच्या दोन खोल्या पतीने पतसंस्थेचे तीन लाखांचे कर्ज काढून वाढवल्या आणि त्यातले साठ हजार अजून फिटायचे आहेत. पतीने स्वकमाईतून घेतलेली एक एकर जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. सून तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेबाचे काम करते. मंडळींचा विचार असा, की मुलाला पनवेलला दिरांकडे ठेवावे आणि सुनेने काही दिवस माहेरी जाऊन यावे. हे ‘काही दिवस’ किती, ते कोणीच सांगत नाही.

टप्पा १: आधी कागद, मग लेखणी

पत्राचा मसुदा करण्याआधी प्रत्येक वस्तू कोणाच्या नावावर आहे हे कागदावर पाहावे, कारण आठवणीवर विसंबून लिहिलेले एक चुकीचे वाक्य बाकीच्या सगळ्या पत्राचा विश्वास घालवते. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढावा. जमिनीसाठी सातबारा आणि आठ-अ काढावा. यातला आठ-अ म्हणजे शेतजमिनीचा खाते उतारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराचा उतारा. नावे सारखी असल्याने अनेक जणी एकाच्या जागी दुसरा घेऊन येतात. याशिवाय पतसंस्थेचे कर्ज पासबुक, मागच्या खोल्यांचे वीजबिल, शिधापत्रिका, मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती आणि मुलांचे शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र एका पिशवीत ठेवावे.

मग एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखून पहिल्यात पतीच्या नावावरचे, दुसऱ्यात सासऱ्यांच्या नावावरचे आणि तिसऱ्यात वडिलोपार्जित, म्हणजे आजोबा-पणजोबांपासून आलेले, असे लिहावे. पत्रातले प्रत्येक वाक्य यापैकी कोणत्या रकान्यातले आहे त्यावरून त्याचा सूर ठरतो.

पहिल्या रकान्यातल्या स्वकष्टार्जित मालमत्तेला, पतीने मृत्युपत्र केलेले नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पत्नी, मुले आणि पतीची आई हे सगळे बरोबरीचे वारस असतात. पतीच्या वडिलांना हे वारस असताना वाटा मिळत नाही, पण आईला मिळतो, आणि सुनेच्या पत्रात नेमके हेच बहुतेक वेळा विसरलेले असते. आपल्या उदाहरणात त्या एक एकराचे चार समान वाटे होतात: सुनेचा एक, दोन मुलांचे दोन आणि सासूबाईंचा एक. दुसऱ्या रकान्यातल्या घरात सासरे हयात असेपर्यंत सुनेला किंवा नातवंडांना मालकीचा वाटा नाही. पतीने कर्ज काढून दोन खोल्या वाढवल्या म्हणून केवळ तेवढ्यावर मालकीही येत नाही. राहण्याचा प्रश्न मात्र मालकीपेक्षा वेगळा आहे, तो पुढे टप्पा ६ मध्ये येईल. तिसरा रकाना भरलेला असेल, तर वाट्याचे गणित पिढ्या मोजून करावे लागते, म्हणून त्याबद्दल पत्रात एकही आकडा लिहू नये आणि आधी सल्ला घ्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य सल्ला मिळतो.

ही वाटणी हिंदू कुटुंबांपुरती आहे. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांत वारसाचे नियम निराळे आहेत. पत्र लिहिण्याचा क्रम मात्र तोच राहतो.

> तपासून पाहा: तिन्ही रकान्यांतील प्रत्येक ओळीसमोर त्याचा कागद हातात आहे का? ज्या ओळीचा कागद नाही, ती पत्रात येऊ द्यायची नाही.

टप्पा २: काय मागायचे, काय नुसते कळवायचे

पत्रातले प्रत्येक म्हणणे हे विनंती, माहिती किंवा निर्णय यांपैकी एक असते आणि या तिन्हींची भाषा वेगळी असते. सासऱ्यांच्या घरात राहणे ही विनंती आहे. जमिनीवर वारस नोंदीचा अर्ज करणार आहोत ही माहिती आहे. मुलाने कोणत्या शाळेत शिकावे हा निर्णय आहे आणि तो आईचा आहे, कारण वडिलांच्या पश्चात अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक आईच असते. निर्णयाला विनंतीची भाषा वापरली, तर समोरचा नकार देऊ शकतो. विनंतीला निर्णयाची भाषा वापरली, तर तो दुखावतो. घोटाळा होतो तो बहुधा इथेच: ‘मुलाला इथेच शिकू द्यावे ही हात जोडून विनंती’ असे लिहिलेले असते आणि पुढच्याच ओळीत ‘मी मागच्या खोल्या सोडणार नाही’ असे.

म्हणून मसुद्याआधी तीन-चार ओळींची यादी करावी. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: मुलगा गावीच शिकेल (निर्णय), मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघे राहू (विनंती), एक एकरावर चौघांची वारस नोंद करायची आहे (माहिती), सणावाराला आणि सुट्टीत मुलांचे आजी-आजोबांकडे व काकांकडे जाणे ठरवून घ्यावे (विनंती). यापेक्षा जास्त विषय या पत्रात घेऊ नयेत. दागिने, तेराव्याचा खर्च, दवाखान्यात कोण आले आणि कोण आले नाही, हे सगळे खरे असले तरी त्याला हे पत्र नव्हे.

टप्पा ३: वेळ आणि नाव

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून शाळेचा विषय असलेले पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पोहोचलेले बरे. मे महिन्यात पोहोचलेल्या पत्राला ‘दाखला तर काढून ठेवला’ असे उत्तर येऊ शकते. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात आणि पितृपक्षात पत्र देऊ नये; त्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुलगा गेल्याच्या पलीकडे काही दिसत नाही आणि घराविषयीचे साधे वाक्यही त्यांना टोचते.

पत्र सासरे आणि सासूबाई दोघांच्याही नावे लिहावे. निर्णय प्रत्यक्षात मोठे दीर घेत असले तरी पत्र त्यांच्या नावे नको. मजकुरात ‘दादांनाही हे पत्र वाचून दाखवावे’ असे लिहावे, म्हणजे वडीलकीचा मान राहतो आणि दिरांच्या पाठीमागे काही केल्याचा आरोपही येत नाही. जुन्या रीतीप्रमाणे जन्मदात्यांना तीर्थरूप आणि इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहितात. तुमच्या घरी सासऱ्यांनाही तीर्थरूपच लिहीत असतील, तर तीच रीत ठेवावी. घरात हाक मारतो तेच संबोधन पत्रात यावे. रोज ‘आबा’ म्हणणाऱ्या सुनेने अचानक ‘श्रीमान’ लिहिले, की हे पत्र दुसऱ्याने सांगून लिहवले आहे असे घरात लगेच म्हटले जाते.

> सावधान: पत्र स्वतःच्या अक्षरात असावे. माहेरच्या भावाने टाइप करून आणलेले पत्र, मजकूर कितीही सौम्य असला तरी, माहेरचे पत्र म्हणूनच वाचले जाते.

टप्पा ४: मजकुराचा क्रम

नात्याचा विषय पहिला, शाळा दुसरी, घर व जमीन तिसरी आणि शेवटी पुन्हा येण्या-जाण्याचे ठरावीक बोलणे, असा क्रम ठेवावा. शाळा घराच्या आधी का? कारण नातवंडांचे भले हा एकच विषय असा आहे, ज्यात दोन्ही बाजूंना तेच हवे असते. आणि मुले याच गावी शिकणार हे एकदा वाचले गेले, की ती राहणार कुठे हा प्रश्न आपोआप पुढे येतो. घराची गोष्ट आधी आली, तर शाळेचा परिच्छेद हा घर मिळवण्याचा बहाणा वाटतो.

सुरुवातीला त्यांनी केलेली एखादी गोष्ट नाव घेऊन लिहावी. ‘आपण खूप केले’ याला वजन नसते. उदाहरणातल्या पत्राची सुरुवात अशी:

> ॥ श्री ॥
>
> ती. स्व. आबा आणि ती. स्व. आई यांना शि. सा. नमस्कार.
>
> हे गेल्यापासून आजवर चि. ताई आणि चि. बाळ यांना शाळेच्या एस.टी.पर्यंत आबा रोज सोडायला येतात आणि मला कामावरून यायला उशीर झाला, तर आई त्यांना जेवू घालतात. त्यामुळेच मला नोकरी धरून राहता आली. समोर बसून बोलायला गेले की आपल्या तिघांच्याही डोळ्यांत पाणी येते आणि बोलायचे राहून जाते, म्हणून लिहीत आहे. हे पत्र दादांनाही वाचून दाखवावे.

पतीच्या उल्लेखाबाबत एक गोष्ट सांभाळावी. ‘त्यांची अशी इच्छा होती’ हे वाक्य पुरावा नसताना लिहू नये. आई-वडिलांनाही मुलाच्या इच्छा ठाऊक असतात, निदान तसे वाटते, आणि मग पत्राचा विषय बाजूला राहून गेलेला माणूस कोणाला काय म्हणाला यावरच वाद सुरू होतो. पतीने प्रत्यक्ष केलेली गोष्ट, उदाहरणार्थ मुलाचे नाव अमुक शाळेत घातले होते, ही मात्र जरूर लिहावी.

टप्पा ५: शाळेचा परिच्छेद

या परिच्छेदात कोणती शाळा, कोणत्या इयत्तेपर्यंत, जाणे-येणे कसे आणि पैसे कुठून, एवढी उत्तरे असली पाहिजेत. मंडळी मुलाला दिरांकडे न्यायचे म्हणतात त्यामागे पुष्कळदा हिला झेपणार नाही ही काळजी असते, आणि काळजीला भावनेपेक्षा हिशेबाने उत्तर दिलेले चांगले. म्हणून वर्षाचा खर्च मांडावा. उदाहरणातल्या घरी मुलीची शिकवणी, दोघांच्या वह्या-पुस्तके, गणवेश, मुलाचा एस.टी. पास आणि परीक्षा फी मिळून वर्षाला सुमारे चोवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार होतात. ग्रामीण भागातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेपर्यंत एस.टी.चा प्रवास विनामूल्य असतो, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते आणि मुलीच्या पासाचे पैसे उगाच हिशेबात धरले जातात. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजनाही आहे; तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करून मगच पत्रात तिचा उल्लेख करावा. मंजूर न झालेले पैसे हिशेबात धरू नयेत.

> चि. ताई यंदा नववीत आहे. दहावीच्या तोंडावर शाळा बदलली तर तिला जड जाईल, म्हणून दहावीपर्यंत ती याच शाळेत राहील. चि. बाळही जूनपासून तिच्याच शाळेत सहावीला जाईल, म्हणजे दोघे एकत्र जातील-येतील. दादा आणि वहिनींनी त्याला पनवेलला न्यायचे मनात आणले, त्यामागची माया मला कळते. पण वडिलांपाठोपाठ बहीणही रोजची दिसेनाशी झाली, तर तो आणखी एकटा पडेल, म्हणून त्याला मी माझ्याजवळच ठेवणार आहे. दोघांचा शाळेचा खर्च वर्षाला सुमारे चोवीस हजार येतो आणि तो माझ्या पगारातून भागतो. यंदाच्या खर्चाचा कागद सोबत जोडला आहे. दहावीनंतर चि. ताईला कुठे घालायचे, ते ठरवताना दादांचा सल्ला मला लागेल.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. ‘नाही’ म्हटलेल्या दिरांना त्याच परिच्छेदात एक खरे काम दिले आहे, पण ते वर्षभरानंतरचे आणि सल्ल्यापुरते आहे. ‘मदत लागली तर सांगेन’ असे मोघम लिहिले, तर ते तोंडदेखले वाटते.

> सावधान: मुलांच्या तोंडी वाक्ये घालू नयेत. ‘बाळ म्हणतो मला काकांकडे जायचे नाही’ असे लिहिले, की पुढच्या भेटीत त्या पोरालाच सगळ्यांसमोर विचारतात आणि आजीच्या तोंडाकडे बघून ते काहीही सांगते.

टप्पा ६: घर आणि जमीन

सगळ्यात जास्त वेळ या परिच्छेदावर द्यावा आणि तो लिहिण्याआधी स्वतःची बाजू नीट समजून घ्यावी, पण ती सगळी पत्रात ओतू नये. पती ज्या घरात राहत होते आणि सून नांदत होती, त्या घरात घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी, स्त्रीला राहण्याचे संरक्षण कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 ने दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबत आणि 2022 मध्ये विधवा सुनेच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. हे संरक्षण मालकी देत नाही, कायद्याच्या रीतीशिवाय बाहेर काढण्यापासून वाचवते. पत्रात याचा एक शब्दही नको. ज्यांनी अजून ‘जा’ म्हटलेले नाही, त्यांना न्यायालयाचा निकाल सांगणे म्हणजे ‘जा’ असे म्हणायला शिकवणे होय.

विनंती मोजून-मापून लिहावी: कोणत्या खोल्या, कोण राहणार, वीज-पाण्याचे पैसे कोण भरणार, कर्जाचा हप्ता कोण फेडणार, आणि आज काय मागत नाही. हा शेवटचा मुद्दा भीती घालवणारा असतो, पण घातही इथेच होतो. ‘मी या घरावर किंवा जमिनीवर कधीही हक्क सांगणार नाही’ असे वाक्य मनाच्या मोठेपणाने लिहिले जाते. जमिनीचा वा घराचा वाटा सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, त्यामुळे नुसत्या पत्राने वाटा जात नाही. पण तेच पत्र पुढे कबुली म्हणून समोर धरले जाते. शिवाय पतीच्या नावावरच्या जमिनीत अज्ञान मुलांचे जे वाटे आहेत, ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाहीत. म्हणून ‘कधीही’ ऐवजी ‘आज’ लिहावे आणि ज्या वस्तूबद्दल बोलतो तिचेच नाव घ्यावे.

> घर आबांच्या कष्टाचे आणि आबांच्याच नावाचे आहे. उताऱ्यात काही बदल करावा असे माझे आज काही म्हणणे नाही. मागच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, त्याच खोल्यांत मुलांसह पुढेही राहू द्यावे, ही आपणा दोघांना विनंती. त्या खोल्यांचे वीजबिल मी भरते आणि भरत राहीन. ह्यांनी काढलेल्या कर्जाचे साठ हजार राहिले आहेत, त्याचा हप्ताही मीच फेडीन. मी माहेरी चार दिवस जाऊन येईन, पण मुलांची शाळा सुरू असताना माझा मुक्काम इथेच राहील.

आता जमीन. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) दिला, की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. अशी नोटीस पत्राच्या आधी घरात पोहोचली, तर पुढे कितीही गोड लिहिले तरी उपयोग होत नाही. ‘पोराचे वर्षही झाले नाही आणि ही तलाठ्याकडे गेली’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. वारसा मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत देणे कायद्याने अपेक्षित असते. आपल्या उदाहरणाप्रमाणे ती मुदत उलटून गेली असली तरी नोंद होते, पण आणखी रेंगाळू नये. म्हणून आधी पत्र, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत अर्ज, असा क्रम ठेवावा.

> ह्यांच्या नावावरच्या एक एकरावर वारसांची नोंद व्हायची राहिली आहे. ती केली नाही, तर पीक विमा आणि अनुदान अडकेल. कायद्याप्रमाणे आईंचे, माझे आणि दोन्ही मुलांचे नाव लागते. मुले अज्ञान असल्याने त्यांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून माझे नाव येईल. अर्जात आईंचे नाव पहिले लिहीन. अर्ज पुढच्या महिन्यात देणार आहे. त्याआधी आबांनी कागद पाहून घ्यावेत. पीक आबाच घेत आले आहेत, यंदाही त्यांनीच घ्यावे.

सासूबाईंचे नाव सुनेने स्वतःहून पहिले घेतले, की ‘सगळे स्वतःच्या नावावर करून घेईल’ ही शंका उरत नाही. तो त्यांचा स्वतःचा वाटा आहे, उपकार नव्हे, म्हणून ‘मी आईंनाही वाटा देते’ असे मात्र चुकूनही लिहू नये. सातबाऱ्यावर नाव लागणे ही महसुली नोंद आहे, वाटणी नव्हे, हेही आबांना कागद दाखवताना तोंडी सांगावे.

> सावधान: ‘मी पुन्हा लग्न करणार नाही’ असे लिहून देऊ नये, कोणी मागितले तरी. पतीकडून वारसाने मिळालेला वाटा पुनर्विवाहाने परत जात नाही, त्यामुळे या वचनाचा जमिनीशी संबंध नाही. पण ते वचन आयुष्यभर समोर धरले जाते. मंडळींची खरी भीती नातवंडे दुरावतील ही असते, आणि तिचे उत्तर पुढच्या टप्प्यात द्यायचे.

टप्पा ७: येणे-जाणे

‘आपले आशीर्वाद असेच राहोत’ याने नाते टिकत नाही, तारखांनी टिकते. गणपती, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी यांत मुले कुठे असतील, आजी-आजोबांच्या दवाखान्याला कोण जाईल, घरच्या कार्यात सुनेला कसे बोलावले जाईल, यांतल्या दोन-तीनच गोष्टी घ्याव्यात. हळदीकुंकू, जोडवी, ओवाळणे यांचा वाद पत्रातून घालू नये. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानेही त्याच महिन्यात तसे परिपत्रक काढले, हे सांगायची जागा दुसरी. पत्रात एकच साधी अपेक्षा लिहावी, आणि तीही मुलांच्या अंगाने.

> दिवाळीला चार दिवस आणि मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस दोन्ही मुले दादा-वहिनींकडे पनवेलला जातील. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा स्वयंपाकाला मी पूर्वीसारखीच असेन. चि. ताईच्या वाढदिवसाला यंदा तिला ओवाळताना आईंबरोबर मलाही उभे राहू द्यावे, तिला बरे वाटेल. आबांच्या डोळ्यांच्या तपासणीला साताऱ्याला मी घेऊन जाईन, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते.
>
> आपण दोघांनी विचार करून पाडव्यापर्यंत मला सांगावे. प्रत्यक्ष बोलायचे असेल, तर दादा गावी येतील त्या रविवारी बसू.
>
> चि. ताई व चि. बाळ यांचा नमस्कार. लोभ आहेच, तो असावा ही विनंती.
>
> आपली सून

दुसऱ्या शनिवारची ओळ मुद्दाम ठेवली आहे. जे पाळता येईल तेवढेच लिहावे. पत्रात दिलेला एक शब्द पाळला गेला नाही, तर बाकीचेही तसेच धरले जातात.

टप्पा ८: वाचून पाहणे आणि पोहोचवणे

हे पत्र कोणी मनात वाचणार नाही. आबा चष्मा शोधतील आणि मग पुतण्या किंवा शेजारचे कोणी ओटीवर मोठ्याने वाचेल, सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकतील. म्हणून पाकिटात घालण्याआधी पत्र स्वतः मोठ्याने वाचावे. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडावे. जिथे आपला आवाज चढतो ते वाक्य काढून टाकावे. वाचणाऱ्याचाही तिथेच चढेल. ‘हक्क’, ‘कायदा’ आणि ‘लोक म्हणतात’ हे शब्द किती वेळा आले ते पाहावे. उदाहरणातल्या पत्रात ‘कायद्याप्रमाणे’ एकदा आहे, तेही सासूबाईंच्या नावासाठी.

हिशेबाचा कागद वेगळा जोडावा, उतारे जोडू नयेत. उतारे बैठकीत दाखवायचे. पत्रावर तारीख घालावी, मोबाइलवर सर्व पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि पत्र स्वतः आईंच्या हातात द्यावे. एकाच घरात राहताना स्पीड पोस्टाने पाठवलेले पत्र नोटिशीसारखे दिसते. सून वेगळ्या गावी असेल तर मात्र पोस्टानेच पाठवावे आणि पावती जपावी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कधीही टाकू नये. तिथे पहिले उत्तर ज्याचा काही संबंध नाही त्याचे येते.

> तपासून पाहा: पत्र वाचून झाल्यावर, ‘हिचे म्हणणे काय?’ असे कोणी विचारले, तर ऐकणाऱ्याला चार वाक्यांत सांगता येईल का? शेजारणीला किंवा मैत्रिणीला एकदा ऐकवून हे करून पाहावे.

टप्पा ९: उत्तर आल्यावर

उत्तर बहुधा लेखी येत नाही, जेवताना येते. ‘राहा की, कोण जा म्हणतंय’ एवढेच आबा म्हणतील. तो होकारच धरावा आणि आठवड्याभरात दुसरे, पाच-सहा ओळींचे पत्र द्यावे: ‘रविवारी आपले बोलणे झाले त्याप्रमाणे आम्ही मागच्या खोल्यांत राहू, बाळ जूनपासून ताईच्या शाळेत जाईल आणि मे महिन्यात दोघे पनवेलला जातील.’ याला सही मागू नये. तारीख आणि मजकूर पुरेसा असतो, आणि कोणी हरकत घेतली नाही ही गोष्ट पुढे कामी येते.

बैठकीत एखादा तयार कागद पुढे सरकवला गेला, तर तो कितीही किरकोळ सांगितला तरी तिथे सही करू नये. ‘घरी नेऊन वाचते’ म्हणावे आणि विधी सेवा प्राधिकरणात दाखवावा. हक्कसोडपत्रे पुष्कळदा ‘पीक विम्याचा कागद’ म्हणूनच पुढे येतात.

पाडवा उलटून गेला आणि उत्तरच आले नाही, तर एकदा तोंडी आठवण करावी आणि शाळेचा प्रवेश व वारस नोंदीचा अर्ज ठरल्या वेळी करावा, कारण त्या दोन गोष्टी कोणाच्या परवानगीच्या नव्हत्याच. खोल्यांना कुलूप घातले, मुलांचे दाखले अडवून ठेवले किंवा अंगावर हात टाकला, तर पत्राचा मार्ग संपला असे समजावे. मग कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावे आणि सोबत त्या पहिल्या पत्राचे फोटो न्यावेत.